मुरगळलेला घोटा आणि खिंडीअलीकडचा मुक्काम

चार दिवसांचा ट्रेक होता आणि आम्ही दुसऱ्या दिवसाच्या दुपारी होतो. बारा सहभागी, तीन लीडर. अवघड धार पार झाली होती, मुक्कामाची जागा खाली दिसत होती आणि गप्पा सुरू झाल्या होत्या. माझा अनुभव असा की पाय अवघड जागी कमी मुरगळतात. तिथे सगळे जपूनच चालतात. अवघड संपलं की मात्र नजर वर जाते.

साडेतीनच्या सुमारास मागून हाक आली. सहभागींपैकी एक मुलगी दगडावर बसली होती. सुटा दगड पायाखाली फिरला, पाऊल आत वळलं आणि सगळं वजन घोट्याच्या बाहेरच्या बाजूवर आलं. "दादा, काही नाही, जरा लचकलाय. चला." मी वाकून बघितलं, बुटाच्या नाड्या घट्ट केल्या आणि तिची सॅक दुसऱ्याकडे दिली. किलोमीटरभर खाली मुक्काम होता, तिथपर्यंत तिला चालवत नेलं. बूट काढून पाय बघितला नाही. एकदा काढला तर सुजेमुळे परत चढणार नाही, हा विचार होता आणि तो चुकीचा नाही. पण न बघता चालवणं चुकीचंच होतं.

मुक्कामाला पोहोचल्यावर बूट आणि मोजा दोन्ही काढले. बाहेरच्या घोट्यापुढे लिंबाएवढी सूज आली होती. पायाची बोटं हलत होती, स्पर्श कळत होता. अंगठ्याचं नख दाबून सोडलं तर दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी झालं, म्हणजे रक्तपुरवठा ठीक होता.

मग हाडांची तपासणी. यासाठी आम्ही ओटावा नियम वापरतो. कॅनडातल्या डॉक्टरांनी ते १९९२ साली मांडले. घोटा मुरगळून आलेल्या प्रत्येकाचा एक्स-रे काढावा लागू नये, हा उद्देश. दाबायचं ते सुजेवर नाही, हाडावर. आधी घोट्याच्या बाहेरच्या हाडाची मागची कड, टोकापासून सुमारे ६ सेंटिमीटर वरपर्यंत. मग आतल्या घोट्याची तशीच कड. नंतर तळव्याच्या बाहेरच्या कडेला मधोमध जो उंचवटा लागतो, तो करंगळीमागच्या हाडाचा बुंधा. शेवटी पावलाच्या आतल्या बाजूचं, कमानीच्या वरचं हाड. यातल्या कुठल्याही जागी हाडावर दुखलं, किंवा इजा झाली तेव्हा आणि आता तपासतानाही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे हवा. लंगडत टाकलेली पावलंही चालतात, फक्त दोन्ही पायांवर दोनदा वजन यायला हवं. करंगळीमागची जागा घाईत हमखास राहून जाते, म्हणून ती मी दोनदा दाबली. चारही ठिकाणी हाड दुखलं नाही. घोट्यापुढच्या मऊ भागात, लिगामेंट असतं तिथे दाबल्यावर मात्र ती किंचाळली. चार पावलं तिने लंगडत टाकली.

"म्हणजे मोडलेलं नाही ना? मग उद्या खिंड चढायला काय हरकत आहे?"

हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. ओटावा नियम सांगतात की हाड मोडलेलं असण्याची शक्यता फार कमी आहे. उद्या सात तास चालता येईल का, हे ते सांगत नाहीत. ते दवाखान्यासाठी बनले आहेत, घसाऱ्यासाठी नाहीत.

तिला पाऊण तास दिला. त्यात १५ मिनिटं पाय ओढ्याच्या पाण्यात, मग पालथ्या सॅकवर उंच, बोटांपासून वर क्रेप बँडेज. गुंडाळण्याआधी घोट्याभोवती दोरी फिरवून तिच्यावर गाठ मारली. सकाळी सूज वाढली की उतरली, याबद्दल वाद घालायला नको. रात्री अकराला बोटांना मुंग्या आल्या म्हणून तिने उठवलं. बँडेज घट्ट झालं होतं, सैल करून पुन्हा बांधलं.

त्या रात्री आम्ही तिघे लीडर बसलो. पुढे चौदा किलोमीटर, त्यात सातशे मीटरची चढण, खिंड आणि पलीकडे तेवढाच घसारा. मधे बाहेर पडायला वाट नाही. मागे सहा किलोमीटरवर गाडीरस्ता, वाटेत एकच तीव्र उतार. आता ती लंगडत का होईना चालते आहे. खिंडीपलीकडे तोच घोटा पुन्हा वळला तर तिला उचलावं लागेल. स्ट्रेचरला एका वेळी सहा जण लागतात आणि थोड्या अंतराने बदलावे लागतात. त्या अरुंद वाटेवर दोन माणसं शेजारी उभी राहत नाहीत. ती चालू शकते तोवरच तिला बाहेर काढणं सोपं आहे, एवढ्यावर आमचं एकमत झालं. तरी शेवटचा निर्णय सकाळवर ठेवला. रात्रीत काय होतं ते पाहायचं होतं.

सकाळी सहाला, वेदनाशामक गोळी द्यायच्या आधी, तपासणी. गोळी पोटात गेल्यावर माणूस छान चालतो आणि आपण फसतो. दोरीची गाठ पुरी पडेना, बोटभर कमी. सपाटीवर ती वीस मिनिटं चालली, तोंड आवळून. मग छोट्याशा उतारावर नेलं. सहाव्या पावलाला तिने माझा खांदा धरला. मी म्हटलं, "आपण परत जातोय." ती रडली. मी तिची समजूत काढत बसलो नाही, तिला ऊन येईपर्यंत बसू दिलं.

उरलेल्या दहा जणांना घेऊन दोन्ही सहकारी खिंडीकडे निघाले. ती वाट त्यांना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती. खाली आम्ही तिघे, म्हणजे मी, ती आणि तिची मैत्रीण. तिसरं माणूस मुद्दाम घेतलं होतं. काही बिघडलं तर एकाने तिच्याजवळ थांबायचं, दुसऱ्याने मदत आणायची.

एरवी दोन तासांची वाट. मी चार धरले होते, लागले सव्वापाच. तीव्र उतारावर ती दोन्ही काठ्या पुढे रोवायची आणि दुखरा पाय आधी टाकायची. मधल्या छोट्या चढावर उलटं, चांगला पाय आधी. उतार तिने न घसरता पार केला. आणि रस्ता दिसायला लागल्यावर, अगदी सपाट वाटेवर, घोटा पुन्हा वळला. शेवटचे तीनशे मीटर ती आमच्या दोघांच्या खांद्यांवर हात टाकून, एका पायावर आली.

दुपारी एक्स-रे झाला. हाड शाबूत होतं, लिगामेंट ताणली गेली होती. संध्याकाळी तिचा मेसेज आला: "हाड ठीक आहे. म्हणजे खिंड जमली असती, नाही का?" मी उत्तर लिहीत होतो, तेवढ्यात दुसरा आला: "राहू दे. ते शेवटचे तीनशे मीटर आठवले."

अहवालात शेवटचा रकाना असतो, 'काय वेगळं करता आलं असतं'. तिथे मी तो पहिला किलोमीटर लिहिला, बूट न काढता चालवलेला.