घड्याळाच्या काचेआडचे धुके आणि माझी तीन दिवसांची दिरंगाई

जून ३० दिवसांचा असल्यामुळे १ जुलैच्या सकाळी माझ्या मनगटी घड्याळात ३१ ही तारीख दिसत होती. मी चावी एक टप्पा बाहेर ओढून तारीख बदलली आणि घाईत ती पुन्हा आत दाबायची राहून गेली. या पहिल्या टप्प्यावर सेकंदकाटा चालूच राहतो, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. त्या दिवशी स्वारगेटपासून सिंहगड रस्त्यापर्यंत मी स्कूटरवर भर पावसात भिजले. संध्याकाळी घरी पंख्याखाली बसले असताना काचेच्या आतल्या बाजूला, दोन आणि चार या आकड्यांच्या मध्ये, नखाएवढा धुरकट पट्टा दिसला. रुमालाने पुसून पाहिले, पण तो पुसला जाईना.

सकाळी धुके नाहीसे झाले होते आणि मी निश्चिंत झाले. माझी खरी चूक ही होती. धुके गेले म्हणजे पाणी गेले असे नसते. बंद घड्याळातील पाणी उष्णतेने वाफ होऊन आतल्या हवेत मिसळते आणि काच थंड झाली की पुन्हा तिच्यावर जमते, कारण मनगटाच्या उबेमुळे घड्याळाची पाठ गरम असते आणि काच सगळ्यांत आधी गार होते. तिसऱ्या दिवशी कार्यालयातील वातानुकूलित खोलीत शिरताच तोच पट्टा पुन्हा उमटला. भाऊ म्हणाला, घड्याळ तांदळात ठेव. शेजारच्या काकूंनी केस वाळवण्याचे यंत्र देऊ केले. तांदळात मी ते एक रात्र ठेवलेही, परंतु झाकण बंद असताना बाहेरचा तांदूळ आतले पाणी कसे ओढणार? गरम हवेचा झोत तर त्याहून वाईट, कारण आतले पाणी वाफ होऊन यंत्राच्या कानाकोपऱ्यांत पसरते आणि घड्याळ निवले की पोलादी भागांवर बसते.

चौथ्या दिवशी बुधवार पेठेतील एका जुन्या घड्याळजींकडे गेले. त्यांनी चावी किंचित फिरवली आणि म्हणाले, “ताई, ही खरखर ऐकू येते का? आता चावी ओढू नका.” पाठीचे झाकण उघडून त्यांनी मला भिंगातून आत पाहायला सांगितले. चावीला जोडलेल्या बारीक पोलादी दांडीवर, म्हणजे स्टेमवर, तांबूस डाग पडले होते आणि तिच्या शेजारच्या लहान स्क्रूच्या खाचेत गंजाची भुकटी जमली होती. बारीक, उघड्या पोलादावर ओलाव्याने गंज धरायला एक-दोन दिवस पुरतात. ही भुकटी तेलात मिसळून चाकांपर्यंत गेली, किंवा केसाइतक्या बारीक हेअरस्प्रिंगवर डाग पडला, तर खर्च कितीतरी वाढतो, असे त्यांनी समजावले. माझी स्प्रिंग वाचली होती.

मग त्यांनी पाठीच्या झाकणाची रबरी रिंग चिमट्याने उचलून दाखवली. गोल असायला हवी होती ती दबून चपटी झाली होती आणि वाकवताच तडकली. डायलवर ‘५० मीटर’ छापलेले असले, तरी पाणी रोखण्याचा तो आकडा रबर नवे असतानाचा असतो. त्यातच चावी अर्धवट बाहेर असल्यामुळे तिच्या आतले रबर नळीवर नीट बसले नव्हते. दोन्ही वाटा उघड्या होत्या.

मी विचारले, “थोडी वाफच तर होती, आपोआप वाळली नसती का?” त्यावर त्यांनी जे सांगितले ते मी नंतर आकड्यांत मांडून पाहिले. ३० अंश सेल्सियसला एक घन सेंटीमीटर हवेत जास्तीत जास्त ०.०३ मिलिग्रॅम वाफ मावते, आणि पाण्याचा एक साधा थेंब सुमारे ५० मिलिग्रॅमचा असतो. घड्याळातील मोकळी जागा फार तर एक-दोन घन सेंटीमीटर. म्हणजे एक थेंब आत गेला, तरी त्याचा बहुतेक भाग द्रवरूपातच राहणार. आतली हवा त्याला सामावून घेऊ शकत नाही. पावसाळ्यात झाकण उघडून बंद केल्यास दमट हवा अडकून क्षणभर हलके धुके येऊ शकते, हे खरे. पण पुन्हा पुन्हा, एकाच जागी आणि थेंबांसह येणारे धुके म्हणजे पाणी आत आहे.

पूर्ण यंत्र सुटे करून धुणे, तेल देणे, नवा स्टेम, नवी चावी (तिचे रबर तिच्या आतच असते) आणि सिलिकॉन ग्रीस लावलेली नवी रिंग, एवढे काम झाले. घड्याळ परत देण्याआधी त्यांनी ते सुमारे ४५ अंशांच्या तव्यावर गरम केले, काचेवर गार पाण्याचा थेंब टाकला आणि मिनिटभराने तो पुसला. आत धुके उमटले असते, तर ओलावा शिल्लक आहे असे ठरले असते. काच स्वच्छ होती. दाबाची चाचणी त्यांनी वेगळ्या यंत्रावर केली आणि त्यातही घड्याळ पास झाले. डायलवर चार या आकड्यापाशी मात्र एक फिकट डाग राहिला आहे; तो निघणार नाही.