आमची वाटचाल: दोन तासाच्या वेबिनारमधून चॅप्टर काढता काढता

नाशिकला आमचं लग्नाच्या शूटिंगचं काम होतं, 2020 मध्ये लग्नं थांबली आणि एका द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपने विचारलं की आमचे वेबिनार रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकाल का. पहिला वेबिनार ऑक्टोबर छाटणीचा होता, 1 तास 52 मिनिटांचा. टाकला, आणि लगेच शेतकऱ्यांचे फोन सुरू, पेस्टिंगचं कुठे आहे दादा, एवढं कोण बघत बसणार.

मग ट्रान्सक्रिप्ट काढून चॅप्टर पाडायला बसलो. आधी मी स्लाइड बदलली की नवा चॅप्टर धरायचो, पण वेबिनार घेणारे सर पुढची स्लाइड लावून मागच्याच मुद्द्यावर पाच-पाच मिनिटं बोलायचे, त्यामुळे ते चुकायचं. आता आधी सगळं सलग वाचतो, "बरं, आता डोळे फुटण्याचं बघू" असं वाक्य आलं की तिथे खूण, आणि वेळ दोन सेकंद अलीकडची, म्हणजे पहिला शब्द कापला जात नाही. नाव शेतकरी फोनवर विचारेल तसंच द्यायचं.

```
0:00 छाटणी कधी घ्यायची
14:20 काडी पक्व झाली का
41:30 पेस्टिंग किती आणि कधी
1:03:05 डाऊनी
1:21:40 प्रश्नोत्तरं
```

पहिली ओळ 0:00 लागतेच, निदान तीन ओळी लागतात, चढत्या क्रमाने, आणि प्रत्येक भाग किमान 10 सेकंदांचा, नाहीतर यूट्यूब चॅप्टर दाखवतच नाही.

त्या वेळी एक घोळ झाला होता. सुरुवातीची "आवाज येतोय का" वाली 6 मिनिटं 40 सेकंदं मी नंतर कापली, वेळा मात्र जुन्याच राहिल्या. पेस्टिंग 48:10 ला लिहिलेलं, तिथे दाबलं तर सर पेस्टिंग अर्धं सांगून झालेले. प्रत्येक वेळेतून 6:40 वजा करत बसलो. तेव्हापासून आधी कटिंग, मग ट्रान्सक्रिप्ट, आणि शेवटी प्रत्येक ओळ मोबाईलवर दाबून बघायची.

पण माझा खरा जीव वेबिनारच्या लेखी सारांशात अडकतो. दीडशे शब्दांत बसवताना मी लिहिलं होतं, पेस्टिंगला, म्हणजे काडीच्या डोळ्यांना लावायला, हायड्रोजन सायनामाईड लिटरला 30 ते 40 मिली. वाचताना बरोबरच वाटतं ना? पण सरांनी सांगितलं होतं काडी बारीक असेल तर 30, जाड असेल तर 40, म्हणजे मी अटच खाऊन टाकली, आणि बारीक काडीवर कोणी 40 लावलं असतं तर डोळे जळायची भीती. ग्रुपमधल्या एका काकांनी त्याच रात्री फोन करून दाखवलं. त्यातून ट्रान्सक्रिप्टमध्ये आकडे चुकीचे पडतात ते वेगळंच, "तीस"चं "वीस" झालेलं मी स्वतः पाहिलंय.

म्हणून आता सारांशात जिथे आकडा आहे ते वाक्य ऑडिओ लावून परत ऐकतो, त्याची "जर" सोबतच लिहितो आणि पुढे वेळ टाकतो, म्हणजे शंका आली की शेतकरी थेट सरांच्या तोंडून ऐकेल. प्रश्नोत्तरातलं उत्तर एकाच बागेपुरतं असेल तर ते सारांशात घेतच नाही, फक्त चॅप्टरला ठेवतो. दोन तासांच्या वेबिनारला एवढं करायला आम्हा दोघांना अख्खी दुपार जाते, आणि तेवढा वेळ लागेल हे आम्ही काम घेतानाच सांगतो.