तुम्ही विचारलंत म्हणून: कोर्स संपल्यावरची टेस्ट

"ताई, एच. पायलोरीचा १४ दिवसांचा कोर्स पुरा केला. पोट आता अजिबात दुखत नाही. मग परत टेस्ट कशाला? आणि करायचीच असली तर आजच करून मोकळं होऊ की!"

पोट शांत झालंय ते पित्ताच्या गोळीनं. पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल, जी काय चालू असेल ती. एच. पायलोरी हा पोटातला जंतू मेला असो की जिवंत, ती गोळी ॲसिड कमी करतेच आणि दुखणं थांबतंच. त्यामुळे टेस्ट लागते. पण आज नाही. सांगलीतल्या लॅबमध्ये २२ वर्षं काढूनही हे मला नीट कळलं ते स्वतः फसल्यावर.

मला रात्री अडीच-तीनला जाग यायची. बेंबीच्या वर कुरतडल्यासारखी कळ. उठून दोन बिस्किटं खाल्ली की थांबायची. मिरजेला एण्डोस्कोपी केली तेव्हा जठराच्या पुढे आतडं सुरू होतं तिथे अल्सर दिसला. डॉक्टरांनी जठराच्या अस्तराचे तांदळाच्या कणीएवढे तुकडे काढले आणि एक तुकडा पिवळ्या जेलच्या खाचेत टाकला. जेलमध्ये युरिया असतो. हा जंतू युरिएज नावाचं एन्झाइम बनवतो, युरिया फोडून अमोनिया करतो आणि त्या अमोनियाच्या आडोशाने ॲसिडमध्ये तग धरतो. अमोनिया अल्कली, म्हणून जेलमधला रंग बदलतो. आम्ही सांगलीची माणसं, हळदीत चुना पडला की काय होतं ते लहानपणापासून बघितलेलं. तसंच झालं. घसा अजून बधिर होता, मी बाकावर बसून बघत होते आणि १५ मिनिटांत कणीभोवती गुलाबी कडं धरलं.

कोर्स मिळाला तो नेहमीचा किटवाला. क्लॅरिथ्रोमायसिन ५००, अमॉक्सिसिलिन १ ग्रॅम आणि पित्ताची गोळी, सगळं दिवसातून दोनदा, १४ दिवस. तोंडात तांब्याचा पैसा धरल्यासारखी चव, चहासुद्धा कडू. पण एकही डोस चुकवला नाही. संपल्यावर तिसऱ्याच दिवशी मी आमच्याच लॅबमध्ये शौचाचा नमुना तपासला. ही अँटिजेन टेस्ट, म्हणजे जंतूचे अंश शौचात सापडतात का ते बघणारी. एकच रेघ. निगेटिव्ह! लॅबमध्ये सगळ्यांना भडंग खाऊ घातलं.

दोन महिन्यांनी पुन्हा रात्रीचे अडीच आणि बिस्किटाचा डबा.

डॉक्टरांनी एकच विचारलं, "टेस्ट केली तेव्हा पित्ताची गोळी बंद होती का?" नव्हती. आणि अँटिबायोटिक संपून तीनच दिवस झाले होते. अँटिबायोटिकच्या तडाख्याने बरेचसे जंतू मरतात, पण थोडे उरले तर ते इतके कमी असतात की टेस्टला दिसत नाहीत. त्यांना पुन्हा वाढायला अवधी लागतो. पित्ताची गोळीही त्यांची संख्या दाबून ठेवते. म्हणून नियम असा की शेवटच्या अँटिबायोटिकनंतर किमान ४ आठवडे जाऊ द्यायचे आणि पित्ताची गोळी टेस्टच्या आधी २ आठवडे पूर्ण बंद ठेवायची. श्वासाची टेस्ट केली तरी हाच नियम, कारण तीही जंतूनं युरिया फोडण्यावरच चालते. उलट बाजू अशी, की गोळी चालू असताना शौचाची किंवा श्वासाची टेस्ट पॉझिटिव्ह आली तर ती बहुतेक खरीच. गोळी जंतू लपवते, नसलेला दाखवत नाही.

मी दोन आठवडे गोळी थांबवून पुन्हा तपासलं. दोन ठसठशीत रेघा.

मग इतका नेमाने घेतलेला कोर्स वाया का गेला? डॉक्टर म्हणाले, "खोकल्याला ॲझिथ्रोमायसिन किती वेळा घेतलंय?" आता काय सांगू! दर थंडीत तीन गोळ्यांची पट्टी, मेडिकलमधून स्वतःच आणलेली. ॲझिथ्रो आणि क्लॅरिथ्रो एकाच घराण्यातली औषधं. छातीतल्या खोकल्यासाठी गिळलेल्या गोळीने पोटातला जंतू तिला सरावला असण्याची शक्यता मोठी. म्हणून एकदा फसलेलं क्लॅरिथ्रोमायसिन परत द्यायचं नसतं.

दुसरा कोर्स चार औषधांचा. बिस्मथ आणि टेट्रासायक्लिन दिवसातून चारदा, मेट्रोनिडॅझोल तीनदा, पित्ताची गोळी दोनदा. रोजच्या १३ गोळ्या, १४ दिवस. टेट्रासायक्लिन विश्रामबागेतल्या दोन दुकानांत नव्हतं. एक जण म्हणाला, "डॉक्सी न्या की वो, तेच असतंय." मी डॉक्टरांना फोन केला. तेच नसतं, एकाच घराण्यातलं असलं तरी या जंतूवर डॉक्सीसायक्लिन तितकं चालत नाही. शेवटी मागवून घेतलं. ते दुधाबरोबर चालत नाही, दुधातलं कॅल्शियम त्याला धरून ठेवतं. म्हणजे माझा रात्रीचा दुधाचा कप बंद. बिस्मथने शौच काळी होते, जीभही. मला माहीत असूनही पहिल्या दिवशी दचकले. फरक असा की अल्सरमधून रक्त गेलं तर शौच डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची होते, शिवाय चक्कर, थकवा येतो. तसं असेल तर थांबायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

कोर्स ६ जानेवारीला संपला. अल्सर होता म्हणून पित्ताची गोळी २० तारखेपर्यंत चालू ठेवली, मग बंद. बंद केल्यावर चार-पाच दिवस अशी जळजळ की वाटलं परत आलाच. पण ते गोळी सुटल्यावर उसळणारं ॲसिड होतं. नेमकं इथेच माणसं गुपचूप एक गोळी घेतात आणि टेस्ट बिघडवतात. मी डॉक्टरांना विचारून साधं पातळ अँटासिड घेतलं. १० फेब्रुवारीला सुपारीएवढा नमुना डबीत घेतला. पातळ जुलाबाचा नमुना या टेस्टला बरा नाही, आणि लगेच पोचवता येणार नसेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवायची. एक रेघ. या वेळी भडंग आणलं नाही, पण रात्री झोप लागली.

एक गोष्ट राहिली. विट्याचे एक काका रक्ताचा रिपोर्ट घेऊन आले होते. दोन कोर्स झाले तरी 'पॉझिटिव्ह', म्हणून तिसरा मागत होते. रक्तात सापडतात त्या अँटिबॉडी, आणि जंतू गेल्यावरही त्या महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं राहतात. उपचार लागू पडले का हे त्या टेस्टवरून कळत नाही. त्यांची पित्ताची गोळी बंदच होती, शेवटच्या कोर्सलाही तीन महिने झालेले. शौचाची टेस्ट केली, निगेटिव्ह. दुसरा कोर्स कदाचित लागलाच नसता.

आता काउंटरवर कोणी ही टेस्ट मागितली की मी दोनच गोष्टी विचारते. अँटिबायोटिक कधी संपलं? आणि पित्ताची गोळी शेवटची कधी घेतली? "आज सकाळी अनशापोटी घेतली की," असं उत्तर आलं तर, गोळी थांबवली तर चालेल का ते आधी डॉक्टरांना विचारायला सांगते, डबीवर पुढची तारीख लिहून देते आणि रिकामीच परत पाठवते. आमचे मालक वैतागतात.