उकड उरली तर काय करता?

"कॅप्शनच्या शेवटी प्रश्न टाकला की मला कमेंटसाठी मागे लागल्यासारखं वाटतं. तुमच्या प्रश्नाला लोक मनापासून उत्तर देतात, तो कसा सुचतो?"

प्रश्न लिहून झाला की मी तो एकदा मैत्रिणीच्या जागी बसून वाचते आणि बघते की तिला उत्तरात माझ्याबद्दल बोलावं लागणारे की तिच्या स्वतःच्या घराबद्दल. माझ्याबद्दल बोलावं लागत असेल तर प्रश्न बदलते.

गेल्या गणपतीचंच सांगते. उकडीचे मोदक पहिल्यांदाच एकटीने केले, पूर्ण एकवीस, आणि फोटोखाली आधी लिहिलं होतं, "यंदा सगळे मी एकटीने केले, कसे झालेत? नक्की सांगा!!" पोस्ट करायच्या आधी वाचलं आणि जाणवलं की याला उत्तर एकच आहे, "मस्त". फोटोवरून चव कळत नाही, म्हणजे समोरच्याने फक्त कौतुक करायचं, आणि ज्याला ते करायचं नाही तो गप्प पुढे जाणार. त्यातला "नक्की" आणि ती दोन उद्गारचिन्हं, मागे लागल्यासारखं वाटतं ते खरं तर त्यांच्यामुळे.

मग लिहिलं, "तुमच्याकडे गणपतीला काय काय असतं?" यात कौतुक मागितलेलं नाही हे खरं, पण उत्तर द्यायचं तर दहा दिवसांचं सगळं लिहावं लागेल, आणि लोकलमध्ये एका हाताने फोन धरलेला माणूस असा प्रश्न बघून घरी गेल्यावर लिहू म्हणतो आणि घरी जाईपर्यंत विसरतो.

शेवटी जे टाकलं ते असं: "एकवीस मोदक झाले आणि वाटीभर उकड उरली, तिच्यात हिरवी मिरची, जिरं, मीठ घालून निवगऱ्या वाफवल्या. तुमच्याकडे उरलेल्या उकडीचं काय करतात?" आधी मी माझं सांगितलं, मग तुमचं विचारलं, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपण काहीच न सांगता विचारलं की ते चौकशी केल्यासारखं होतं, आणि आपण एक लहान गोष्ट सांगितली की उत्तर केवढं द्यायचं त्याचा अंदाजही समोरच्याला येतो. मावशीने लिहिलं त्यात कोथिंबीर पण घाल. एका मैत्रिणीने लिहिलं आमच्याकडे उकड कमीच पडते, उरतं ते सारण. आणि एक कॉलेजचा मित्र, देशावरचा, तो म्हणाला आमच्याकडे तळणीचे मोदक, उकडीचा प्रश्नच येत नाही. हे मला सगळ्यात आवडलं, कारण ज्याच्या घरी ती गोष्ट होतच नाही त्यालाही बोलता आलं.

प्रश्न शेवटी असला तरी कॅप्शन लांबवू नका. इन्स्टाग्राम सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दाखवतं आणि बाकीचं `more` च्या मागे जातं, तिथे लपलेला प्रश्न बऱ्याच जणांना दिसतच नाही. सांगायचं खूप असेल तर मी निदान पहिल्या ओळीत ती उरलेली उकड आणते, म्हणजे उघडून बघावंसं वाटेल.

"हो असेल तर हार्ट टाका", "अशा मैत्रिणीला टॅग करा" हे मी लिहितच नाही. फेसबुकने तर 2017 च्या डिसेंबरमध्ये जाहीरच केलं होतं की लाइक, टॅग, कमेंट मागणाऱ्या अशा पोस्ट ते फीडमध्ये खाली ढकलणार, आणि सल्ला किंवा माहिती खरोखर विचारणाऱ्या पोस्टना मात्र त्याचा त्रास होणार नाही. मित्रमैत्रिणींनाही हा फरक लगेच कळतो असं मला वाटतं.

आणि उत्तर आलं की नुसतं "थँक्यू" लिहून थांबू नका हो, तिथेच बोलणं संपतं. सारण उरतं म्हणणारीला मी विचारलं की मग त्याचं काय करतेस, ती म्हणाली पोळीत भरते, मग त्यावर अजून दोघी बोलल्या. कुणीच काही लिहिलं नाही तर मात्र खाली स्वतःच "कोणीच नाही का?" असं टाकायचं नाही, राहू द्यायचं तसंच.

काही फोटोंखाली मी प्रश्न लिहीत नाही. आजीच्या वर्षश्राद्धाला तिचा फोटो टाकला तेव्हा खाली "तुमच्या आजीची कुठली गोष्ट आठवते?" असं लिहिलं होतं, चांगला प्रश्न होता, पण लोक मनापासून लांब लांब लिहितील आणि त्या दिवशी मला एकेकीला नीट उत्तर देणं जमणार नाही हे माहीत होतं, म्हणून ती ओळ काढली, फक्त तिचं नाव आणि गाव ठेवलं.