सगळे नाहीत, पण काही आहेत

"सर, दगडात जीव असतो असं मानणाऱ्या लोकांना प्रिमिटिव्ह नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? आणि तो शब्द धर्माच्या अभ्यासातून काढला का, उगाच कुणाला वाईट वाटू नये म्हणूनच ना?"

वाईट वाटतं हे खरंच आहे, पण नुसतं तेवढ्यासाठी अभ्यासक शब्द टाकत नाहीत हो, ते फार हट्टी असतात. शब्द गेला कारण त्यातलं म्हणणंच चुकीचं निघालं. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'आदिम धर्म' लिहून शिकवलंय, नोट्स तशाच होत्या, कुणाला काही खटकलं नाही, मलाही नाही. नंतर एक निबंध वाचला आणि त्यातल्या एका म्हाताऱ्याच्या उत्तराने माझ्या नोट्सची वाट लावली. त्या उत्तराकडे येतोच, आधी ही भानगड सुरू कुठे झाली ते सांगतो.

एडवर्ड टायलर नावाचे इंग्रज गृहस्थ, त्यांचं 'प्रिमिटिव्ह कल्चर' हे पुस्तक 1871 चं. 'ॲनिमिझम' हा शब्द धर्माच्या अभ्यासात त्यांनी रुळवला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की माणसाला स्वप्नात मेलेला आजा दिसतो, झोपेत आपण कुठेतरी फिरून येतो, आणि मेलेल्या माणसातून काहीतरी निघून गेल्यासारखं वाटतं, यावरून त्याने आत्मा कल्पिला, मग तोच आत्मा झाडाला दिला, दगडाला दिला, जनावराला दिला, आणि धर्माची सुरुवात झाली. म्हणजे ॲनिमिझम म्हणजे एक चुकलेलं अनुमान, शाळेतल्या पोराने गणित चुकवावं तसं. पुढे माणूस शहाणा होतो, एकेक पायरी चढतो, वरच्या पायरीवर अर्थातच टायलर आणि त्यांचे शेजारीपाजारी. यातली मोठी गोची ही की टायलर तरुणपणी मेक्सिकोला फिरून आले होते तेवढंच, बाकी सगळा माल मिशनऱ्यांच्या आणि प्रवाशांच्या वर्णनांतून उचललेला. पुढे इव्हान्स-प्रिचर्ड या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने 1965 मध्ये अशा पद्धतीची मस्त खिल्ली उडवली, म्हणाले हा 'मी घोडा असतो तर' छाप विचार आहे, खुर्चीत बसून आपणच घोडा झाल्याची कल्पना करायची आणि मग घोड्याला काय वाटतं ते ठासून सांगायचं. (आणि गंमत म्हणजे खुद्द त्यांच्या त्या पुस्तकाच्या नावातही 'प्रिमिटिव्ह' आहेच, शब्द असा चिकट असतो.)

आता निबंध. लेखक अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ आयर्व्हिंग हॅलोवेल, साल 1960. 1930 च्या दशकात ते उन्हाळ्याउन्हाळ्याला कॅनडात मॅनिटोबा प्रांतात बेरेन्स नदीवरच्या ओजिब्वे या मूळ रहिवासी लोकांकडे जात होते. त्यांना वाट दाखवणारा, दुभाष्या आणि खरं तर सहकारी होता तिथला प्रमुख विल्यम बेरेन्स. हॅलोवेलना आधी भाषेने चक्रावलं. ओजिब्वे भाषेत नामांचे दोन वर्ग आहेत, सजीव आणि निर्जीव म्हणू, आणि त्यानुसार क्रियापदसुद्धा बदलतं. माणूस सजीव, अस्वल सजीव हे ठीक, पण दगड सजीव, चिलीम सजीव, किटलीही सजीव. रासबेरी सजीव आणि स्ट्रॉबेरी निर्जीव! यावरून कुणीही उडी मारेल की बघा, हे लोक किटलीत जीव मानतात.

इथे मराठी माणसाला खरं तर लगेच कळायला पाहिजे, कारण आपण रोज हेच करतो. चमचा पुरुष, पळी बाई आणि ताट नपुंसक, आता कुणी परदेशी विद्वान आला आणि म्हणाला मराठी लोक पळीला बाई समजतात, तर आपण हसू ना? पण दुसरीकडे नुसतं व्याकरण आहे म्हणून विषय झटकूनही चालत नाही. हॅलोवेलनी झटकला नाही, त्यांनी सरळ एका म्हाताऱ्याला विचारलं, इथे आपल्या आजूबाजूला दिसतात ते सगळे दगड जिवंत आहेत का? म्हातारा बराच वेळ विचार करत बसला. मग म्हणाला, "नाही! पण काही आहेत."

मला हे उत्तर पहिल्यांदा वाचल्यावर दोन दिवस सुचेना. कारण टायलरच्या हिशोबात हे बसतच नाही. त्यांच्या हिशोबाने 'दगडात आत्मा असतो' असा सरसकट सिद्धांत डोक्यात असायला हवा होता, आणि म्हातारा तर सिद्धांत मांडायलाच तयार नाही. तो विचार करतोय तो बहुतेक अनुभवाचा, की कुठला दगड कधी काही करताना कुणी पाहिलाय, कुठल्या दगडाशी कुणाचं काही देणंघेणं झालंय. दगड या जातीबद्दल त्याला काही म्हणायचंच नाहीये, तो एकेका दगडाबद्दल बोलतोय. विल्यम बेरेन्सच्या पणजोबाकडे असा एक दगड होता, त्यावर डोळे-तोंडासारखे उंचवटे होते. पणजोबा मिडेविविन या विधीचा प्रमुख, तो नव्या सुरीने दगडावर टकटक करायचा, दगड तोंड उघडायचा, आणि आतून औषधाची चामड्याची छोटी पिशवी निघायची, अशी आठवण घराण्यात सांगत.

आणि दुसरा किस्सा तर मी दरवर्षी वर्गात सांगतो. एका गोऱ्या व्यापाऱ्याला बटाट्याच्या वाफ्यात खणताना तसलाच मोठा दगड सापडला. त्याने जॉन डक नावाच्या विधी करणाऱ्या प्रमुखाला बोलावून घेतलं आणि म्हणाला, हा तुझ्या मांडवातला असणार. जॉन डकला ते काही फारसं आवडलं नाही. तो खाली वाकला, दगडाशी हळू आवाजात बोलला, तू कधी माझ्या मांडवात होतास का म्हणून विचारलं. दगड नाही म्हणाला, असं जॉनने सांगितलं, विषय संपला. आता यात दगड 'खरंच' बोलला का हा प्रश्न तुम्ही विचारणार, विचारा, पण जरा जॉनचं वागणं बघा. समोरचा परका असेल तर आपण काय करतो? दुसऱ्याने त्याच्याबद्दल सांगितलेलं ऐकून मोकळे होत नाही, त्यालाच विचारतो, तेही चारचौघात ओरडून नाही.

हॅलोवेलनी यासाठी शब्द वापरला तो 'माणसाखेरीज इतर व्यक्ती'. यातला महत्त्वाचा शब्द 'व्यक्ती'. टायलरच्या ॲनिमिझममध्ये वस्तू आधी मेलेली असते, मग कुणीतरी चुकून तिच्यात आत्मा घालतो. आपला मराठी शब्दसुद्धा तसाच आहे बघा, 'जडप्राणवाद', म्हणजे जड आहे हे आपण शब्दातच ठरवून टाकलं आणि प्राण त्यांच्या गळ्यात मारला. ओजिब्वेंकडे सुरुवातच व्यक्तींपासून आहे, त्यांतल्या काही माणसं, काही नाहीत, आणि कोण व्यक्ती आहे हे संबंधातून कळतं, कोण बोलतं, कोण देतं, कोण रुसतं. रिलेशनल ऑन्टोलॉजी असं जे अवघड नाव हल्ली ऐकू येतं ते एवढंच, की आधी वस्तू आणि मग त्यांच्यातलं नातं असा क्रम न धरता नातं आधी धरायचं. माणसाखेरीजच्या या व्यक्तींना ओजिब्वे 'आजोबा' म्हणतात, आणि सख्ख्या आजोबालाही तोच शब्द.

हे फक्त कॅनडापुरतं आहे का? मानववंशशास्त्रज्ञ नुरित बर्ड-डेव्हिड यांनी निलगिरीच्या रानातल्या नायक लोकांमध्ये राहून 1999 मध्ये यावर लिहिलं, नावच 'ॲनिमिझम रिव्हिजिटेड'. अशा व्यक्तींसाठी नायकांचा शब्द 'देवरू'. एकच हत्ती एकदा देवरू असतो आणि एकदा नुसता हत्ती. वाटेत भेटला, माणसाकडे बघून, त्रास न देता निघून गेला तर तो देवरू, आणि ज्याच्याशी असा काही संबंध जुळलाच नाही तो हत्ती. पुन्हा तेच, हत्तीच्या आत काय आहे यापेक्षा तुमच्या दोघांत काय घडलं याला महत्त्व. माझ्या वर्गात डहाणूकडची एक वारली मुलगी होती, ती हे ऐकून म्हणाली, सर आमच्याकडे वाघोबाला पुजतात, पण म्हणून रानात बिबट्या दिसला की कुणी पाया पडायला थांबत नाही, घरी येतात सगळे. अख्खा वर्ग हसला. पण मी तेव्हापासून 'वारली लोक वाघाला देव मानतात' असं वाक्य बोलायचं बंद केलं.

आता 'प्रिमिटिव्ह' कडे परत. त्या शब्दात एक घड्याळ लपलेलं आहे. प्रिमिटिव्ह म्हणजे पहिला, सुरुवातीचा. पण विल्यम बेरेन्स हा हॅलोवेलचा समकालीन, इंग्रजी बोलणारा, त्याच्या वडिलांनी 1875 मध्ये ब्रिटिश राणीच्या सरकारशी करारावर सही केलेली. त्याला 'सुरुवातीचा' म्हणायचं कशाच्या जोरावर? समोर बसून चहा पिणाऱ्या माणसाला लिहिताना मात्र हजारो वर्षं मागे ढकलायचं, अभ्यासकांच्या या सवयीवर मानववंशशास्त्रज्ञ योहानेस फेबियन यांनी 1983 मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. त्याच्याही आधी, 1964 मध्ये फ्रान्सिस शू यांनी दाखवलं होतं की लोक हा शब्द इतक्या वेगवेगळ्या अर्थांनी वापरतात, कधी लिपी नाही म्हणून, कधी समाज छोटा म्हणून, कधी नुसताच कमी दर्जाचा म्हणून, की त्याने काहीच नीट वेगळं काढता येत नाही. जो शब्द काही मोजत नाही आणि वर शिवी देतो तो अभ्यासात ठेवून करायचं काय.

आणि हे नुसतं कागदावर राहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. कॅनडाने 1884 मध्ये कायद्यात बदल करून पश्चिम किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांच्या पॉटलॅच या विधीवर बंदी घातली, 1895 मध्ये ती आणखी विधींवर वाढवली, आणि ही कलमं गेली 1951 मध्ये. खालच्या पायरीवरच्या लोकांना वर ओढतोय असं एकदा ठरलं की बंदी म्हणजे मदतच वाटायला लागते. आपल्याकडे बंदी नव्हती तरी रकाना होता, 1901 च्या जनगणनेत आदिवासींसाठी 'ॲनिमिस्ट' म्हणून. जे लोक स्वतःला कधी तसं म्हणाले नाहीत त्यांचा धर्म तो.

एक गोष्ट मात्र मी प्रामाणिकपणे सांगतो, की हल्ली ॲनिमिझमचं कौतुक फार झालंय, आणि तेही मला पटत नाही. कुणी म्हणतं आदिवासी निसर्गाशी एकरूप असतात, झाडाशी बोलतात, किती छान. अहो, ओजिब्वे त्या व्यक्तींना घाबरायचेसुद्धा, त्यांतले काही दुष्ट, काही फसवे, काही रूप बदलणारे, आणि आजार आला की कुणाचं काय बिघडवलं याची चौकशी व्हायची. टायलरला ते पोर वाटले, यांना संत वाटतात, माणूस कुणालाच वाटत नाही.

मग म्हणायचं काय, हा तुमचा मूळ प्रश्न. मी नाव घेतो. बेरेन्स नदीवरचे ओजिब्वे, निलगिरीतले नायक, आणि कुठल्या काळातले तेही सांगतो. 'ॲनिमिझम' हा शब्द वापरतो, पण पेन्सिलने लिहिल्यासारखा. कारण विल्यम बेरेन्सचंच बघा, पणजोबाच्या दगडाची गोष्ट सांगणारा हा माणूस मेथडिस्ट ख्रिश्चन होता. त्याला कुठल्या रकान्यात घालणार?