निवेदक बदला म्हणाले, मी नाही म्हटलं

८२ च्या गिरणी संपावरची माझी कादंबरी एका प्रकाशनाने वाचली, आवडली, घेऊ म्हणाले, इथपर्यंत सगळं पटापट झालं. मग संपादकांचं पत्र आलं. म्हणे गोष्ट सुमन सांगते त्याऐवजी तिच्या मुलाने सांगावी, कारण तो युनियनमध्ये आहे, गेट मीटिंगला जातो, मोर्च्यात असतो, आणि सुमन लालबागच्या चाळीत खाणावळ चालवते, तिला संप दिसतोच कुठे.

पण मी लिहिलंय तेच हे! महिन्याचा पगार झाला की कामगार खाणावळीचे पैसे देणार, असा तिचा हिशोब. १८ जानेवारीला संप सुरू झाला, पुढे पगार बंद, उधारीची वही फुगत गेली, मग एकेक जण कोकणात गावी निघून गेला आणि ताटं कमी होत गेली. संप मोडतोय हे मुलाच्या आधी तिला कळतं. मुलाला निवेदक केलं तर ही वहीच जाते, म्हणजे अख्खी कादंबरी नव्याने लिहायची.

नकार लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. पत्र आल्या आल्या उत्तर देऊ नका, मी आधी चिडून एक मेल लिहिला होता तो पाठवलाच नाही. पत्र परत परत वाचल्यावर लक्षात आलं की त्यांची खरी तक्रार एकच आहे, मधल्या भागात संप हलत नाही, वाचक कंटाळतो. ते बरोबर होतं. फक्त त्यावरचा उपाय त्यांचा होता, माझा नव्हे. म्हणून स्पष्ट लिहिलं, निवेदक सुमनच राहील, कारण वहीचं, आणि मधली प्रकरणं मी अशी घट्ट करते, शिवाय नमुना म्हणून एक प्रकरण नव्याने लिहून सोबत जोडलं. त्यात मुलगा मीटिंगहून येऊन जेवता जेवता बोलतो आणि सुमन त्याच वेळी कोण जेवायला आलं नाही ते मोजत असते. नुसतं नाही म्हणण्यापेक्षा हे पान दाखवल्याने काम झालं असं मला ठामपणे वाटतं.

त्यानंतर बरेच दिवस काही उत्तरच नाही. फोन केला तर "वाचतोय, कळवतो". मनात येत होतं की ऑफर गेली, आणि जाऊ शकते हे धरूनच नकार द्यायचा, त्यांनाही नाही म्हणायचा हक्क आहेच. शेवटी फोन आला, नमुना चाललाय, सुमन राहू दे. केवढं हायसं वाटलं! बाकी सूचना मी घेतल्याच, दोन प्रकरणं एकत्र केली, काळाचे घोळ काढले, मालवणी संवाद थोडे सोपे केले.

आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं, हे सगळं करारावर सही व्हायच्या आधी मिटवा. माझ्या करारात आता ओळ आहे, लेखिकेच्या लेखी संमतीशिवाय मजकुरात मोठा बदल करायचा नाही.