आमची वाटचाल : फॉरवर्ड वाटणारा मेसेज

आम्ही पाण्याचे फिल्टर बसवतो आणि दुरुस्त करतो. दोघांनी सुरुवात केली तेव्हा कोणाच्या फिल्टरची कार्ट्रिज कधी बदलायची, हे वहीत लिहिलेलं असायचं आणि आम्ही एकेकाला फोन करायचो. ग्राहक वाढले, फोन पुरे पडेनात, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट लिस्ट केल्या, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना, पण प्रत्येकाला वेगळा जाईल अशा याद्या.

आमचा पहिला मोठा मेसेज अजून फोनमध्ये जपून ठेवलाय: "🔥🔥🔥 *HURRY!!! LAST 2 DAYS!!!* 🔥🔥🔥 सर्वांना नम्र विनंती 🙏🙏 फिल्टर बदला, कुटुंब वाचवा!! 💯 जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा 👉👉". उत्तरं फारशी आली नाहीत. ऑफर आवडली नसेल, असं आम्ही धरून चाललो.

दोन महिन्यांनी एका जुन्या ग्राहक काकूंचा फोन आला. पाण्याची धार बारीक झाली होती. "अहो काकू, मेसेज पाठवला होता की आम्ही," मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "तो तुमचा होता होय? मला वाटलं कुठला तरी फॉरवर्ड आलाय. न वाचताच पुसून टाकला."

त्या संध्याकाळी तो मेसेज आम्ही ग्राहकाच्या नजरेने पाहिला. सूचनेच्या पट्टीत मेसेजचे पहिले काही शब्दच दिसतात, आणि आमची ती जागा तीन ज्वाळा आणि HURRY यांनी खाल्ली होती. फर्मचं नाव कुठेच नव्हतं. 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा' हे वाक्य तर अफवांच्या मेसेजमध्येच वाचायची लोकांना सवय. वर आणखी एक चूक होती. मी तो मेसेज आधी भागीदाराला पाठवला, त्याने तो लिस्टवर फॉरवर्ड केला, म्हणून प्रत्येकाच्या फोनवर त्याच्या माथ्यावर Forwarded असा शिक्का उमटला. स्वतः लिहिलेलं आम्हीच दुसऱ्याचं करून पाठवलं होतं. तेव्हापासून मजकूर कॉपी करून लिस्टमध्ये नव्याने चिकटवतो. फॉरवर्डचं बटण वापरत नाही.

कॅपिटलचा विचार वेगळा करावा लागला. देवनागरीत कॅपिटल नाहीतच. त्यामुळे मराठी मेसेजमध्ये ओरडणं शिरतं ते इंग्रजी शब्दांतून, तारांकित ठळक अक्षरांतून आणि उद्गारचिन्हांच्या रांगांतून. आता RO आणि UV ही नावं कॅपिटलमध्ये लिहितो, कारण ती तशीच लिहितात. ठळक करायची ती फक्त तारीख. सगळंच ठळक केलं की तारीख शोधावी लागते.

इमोजीवर पूर्ण बंदी घालावी असं भागीदाराचं मत होतं, मला ते पटलं नाही. तारखेशेजारचं एक 📅 नजरेला नेमकं तिथे नेतं, तेवढं काम ते करतं. पण ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन मेसेज वाचून दाखवतो, तेव्हा प्रत्येक चित्राचं नाव उच्चारतो. सहा ज्वाळा म्हणजे सहा वेळा तेच नाव. साध्या एसएमएसमध्ये तर इमोजी महागच पडतो. मराठी एसएमएसच्या एका भागात ७० अक्षरजागा मिळतात, मात्रा आणि अनुस्वारही त्यातच मोजले जातात, आणि 🔥 सारखं एक चित्र दोन जागा घेतं. ७० ओलांडले की मेसेज तुटतो आणि प्रत्येक भागात ६७ जागाच उरतात. एसएमएसमध्ये आम्ही इमोजी घालतच नाही.

पुढचा मेसेज असा गेला: "नमस्कार, तुमच्या फिल्टरची देखभाल करणाऱ्या आमच्या फर्मकडून. तुमच्या RO ची कार्ट्रिज बदलून या महिन्यात एक वर्ष होतंय. *१८ तारखेपर्यंत* बदलून घेतल्यास घरी येण्याचे पैसे लागणार नाहीत 📅 सोयीचा दिवस कळवा. असे मेसेज नको असतील तर 'नको' एवढंच लिहा." आमचं खरं नाव अर्थातच पहिल्या ओळीत होतं. 'एक वर्ष होतंय' हे प्रत्येकाच्या बाबतीत खरं असायला हवं, म्हणून कार्ट्रिज बदलल्याच्या महिन्यानुसार बारा लिस्ट केल्या. सगळ्यात जास्त वेळ याच कामात गेला, आणि सगळ्यात जास्त फरकही बहुधा यानेच पडला. लोक दिवस कळवू लागले. काहींनी 'नको' लिहिलं, त्यांची नावं त्याच दिवशी काढली. कारण चिडलेला माणूस रिपोर्ट करतो, तेव्हा अलीकडचे पाचपर्यंत मेसेज व्हॉट्सअ‍ॅपकडे जातात आणि आमचा नंबर अडचणीत येऊ शकतो.

एक अडचण शब्दांनी सुटत नाही. ज्याने आमचा नंबर जपून ठेवलेला नाही, त्याच्यापर्यंत ब्रॉडकास्ट पोहोचतच नाही. लिस्टमधल्या मेसेजची माहिती उघडली की कोणाला पोहोचला आणि कोणी वाचला ते दिसतं. महिनोन्‌महिने ज्यांना पोहोचतच नाही, त्यांना आम्ही पुन्हा पहिल्यासारखा फोन करतो. कारागीर फिल्टर बसवायला जातो, तेव्हा निघण्याआधी ग्राहकाच्या फोनमध्ये आमच्या नावाने नंबर ठेवून घेण्याची विनंतीही करतो.